गिऱ्हाईक आठच असतील तर जाहिरात, ईमेल आणि कॉल कसे जुळवायचे?

प्रश्न: आमची चाकणची छोटी कंपनी कारखान्यांतल्या कॉम्प्रेस्ड हवेची गळती शोधून देते. गिऱ्हाईक होऊ शकतील अशा मोठ्या कंपन्या आठच आहेत. जाहिरात, ईमेल, कॉल एकमेकांना धरून कसे चालवायचे?

आधी सेल्सवाल्याला बसवून आठही कंपन्यांची एक शीट करा: मेंटेनन्सचा प्रमुख कोण, प्लँट हेड कोण, परचेसला कोण, पैसे कोण मंजूर करतं. नाव माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा. पहिले कॉल ते रकाने भरण्यासाठीच करायचे, विकायला नाही.

लिंक्डइनवर कंपन्यांची यादी देऊन फक्त त्यांच्याच लोकांना जाहिरात दाखवता येते, पण निवडलेल्या गटात किमान 300 जण लागतात. ‘चाकणमधले मेंटेनन्स मॅनेजर’ इतकी बारीक चाळणी लावली तर तेवढे भरणं कठीण. म्हणून हुद्द्याऐवजी विभाग निवडा, म्हणजे ऑपरेशन्स, इंजिनिअरिंग, परचेसिंग, आणि ठिकाण पुणे परिसर. यात एक मेख आहे. एकाच कंपनीचे तीन हजार लोक आणि बाकी सातांचे मिळून सहाशे असतील, तर बहुतेक पैसा त्या एकीवरच जातो. तिची मोहीम वेगळी काढा. ऑडियन्स एक्स्पान्शन बंद ठेवा, नाहीतर यादीबाहेरचे लोक शिरतात.

जाहिरात कॉलच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा आणि सगळीकडे एकच हिशेब मांडा. 100 किलोवॉटचा कॉम्प्रेसर वर्षाला 6000 तास चालतो, चौथाई हवा गळते आणि वीज 8 रुपये युनिट आहे असं धरलं, तर ढोबळमानाने वर्षाला 12 लाख रुपये गळतात. मेंटेनन्सच्या प्रमुखाला याच हिशेबाचा छोटा ईमेल जावा, त्यात एका शेडची गळती मोजून देण्याची तयारी दाखवावी, आणि दोन दिवसांत कॉल. कॉलवर ‘तुम्ही आमची जाहिरात पाहिलीत ना’ असं कधीही म्हणू नका. कोणत्या कंपनीतून प्रतिसाद आला एवढंच लिंक्डइन सांगतं, माणूस सांगत नाही. शिवाय असं ऐकून समोरचा बिचकतो.

मोजणी झाली की त्या कंपनीपुरता रोख बदला: आता फायनान्स आणि परचेस यांच्यापुढे पैसे किती महिन्यांत वसूल होतात ते ठेवा. सेल्सवाल्याने शीटमध्ये ‘बोलणी सुरू’ लिहिलं की मार्केटिंगने त्या कंपनीचे आपोआप जाणारे ईमेल त्याच दिवशी थांबवायचे. घोळ बहुतेक इथेच होतो: इकडे दरावर घासाघीस चाललेली असते आणि तिकडे त्याच साहेबांना ‘आमची ओळख’ असा ईमेल जातो. दर सोमवारी दोघांनी अर्धा तास शीट उघडून बसलं तर हे टळतं.

क्लिक मोजू नका. आठपैकी किती ठिकाणी दोन वेगवेगळ्या विभागांतली माणसं तुमच्याशी बोलतायत, ते मोजा. एकटा मेंटेनन्सवाला कितीही खूश असला तरी ऑर्डर परचेसकडे अडते. आणि व्हेंडर कोडची कागदपत्रं पहिल्या मोजणीच्या वेळीच मागून घ्या. मोठ्या कंपन्यांत ते काम महिनोन्‌महिने रेंगाळतं.