पान एकच हवं, आणि त्यात गेल्या वर्षीची तीच तारीख नको

प्रश्न: वडिलांचं किराणा दुकान आहे. बिलिंगच्या पीओएस सॉफ्टवेअरमधल्या डेटावरून त्यांच्यासाठी दर आठवड्याला एका पानाचा रिपोर्ट बनवायचाय. कोणकोणते चार्ट टाकू?

चार्ट एकही नको. पानावर आकडे तीनच ठेवा: टॅक्स वगळून विक्री, ढोबळ नफा, आणि नवी उधारी वजा वसूल उधारी. प्रत्येकाशेजारी 'नेहमीचा' आकडा. खरी गोम त्या 'नेहमीचा'मध्ये आहे, आणि त्यावरून माझं नि माझ्या थोरल्या चुलतभावाचं अजून जमत नाही.

त्याचं दुकान बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात. 2025च्या सप्टेंबरात मला फोन आला, "धंदा बसला रे." सॉफ्टवेअरच्या तयार रिपोर्टात 1 ते 7 सप्टेंबरची विक्री 2,48,000 आणि गेल्या वर्षी त्याच तारखांना 3,61,000. एकतीस टक्के घट, लाल बाणासकट. हायवेला नवीन मार्ट झालंय, त्याचाच हा परिणाम, असं त्यानं ठरवूनही टाकलं. तेलात आधीच लिटरमागे चार-पाच रुपये सुटतात, त्यातल्या तीन रुपयांची त्यानं सूट लावली.

मी म्हटलं, दादा, कॅलेंडर बघ की. 2024ला गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, म्हणजे तो आठवडा रवा, साखर, गूळ, खोबऱ्याचा. 2025ला चतुर्थी 27 ऑगस्टला आली. खरेदी आधीच होऊन गेली होती, आणि तू भरलेल्या आठवड्याशी रिकामा आठवडा मोजतोयस. चतुर्थीला संपणारे सात-सात दिवस समोरासमोर ठेवले, तर 21 ते 27 ऑगस्टचे 3,84,000 निघाले. म्हणजे सहा टक्के वाढ! त्याचं उत्तर, "पण कॉम्प्युटर खोटं सांगतो काय?"

त्यामुळे सणाचे आठवडे तिथीवरच लावायचे. 2026ची चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे आता उलटी गंमत: तारखेला तारीख लावणारा तयार रिपोर्ट ऑगस्टअखेर पुन्हा घट दाखवणार. बाकीच्या आठवड्यांना गेलं वर्ष लागतच नाही. मागचे आठ आठवडे घ्या, त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढा, उरलेल्या सहांची सरासरी म्हणजे 'नेहमीचा'. आठवडा पूर्ण सात दिवसांचा ठेवा, म्हणजे बाजाराचा वार त्यात एकदाच येतो. महिन्याचे चार तुकडे केले की एखाद्यात दोन बाजार येतात आणि मालक उगाच खूश होतो.

दुसरा घोळ त्याच महिन्यात झाला. 22 सप्टेंबर 2025पासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. टॅक्ससकट 118 रुपयांचा नग 105चा झाला. नग तेवढेच विकले तरी त्या मालाची विक्री अकरा टक्क्यांनी पडलेली दिसते. टॅक्स वगळला तर दोन्हीकडे शंभरच. भावानं तेव्हाही मार्टलाच शिव्या घातल्या.

ढोबळ नफ्यावर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. बिस्किटं खरेदीला पेटीनं चढवतात आणि विक्री नगानं होते. पेटीत किती नग ते सॉफ्टवेअरला सांगितलं नसेल, तर अख्ख्या पेटीचा भाव एका नगाला लागतो आणि माल प्रचंड तोट्यात दिसतो. खरेदी चढवलीच नसेल तर उलट, अख्खी विक्रीच नफा. किराण्यात चाळीस टक्क्यांच्या वर किंवा शून्याखाली मार्जिन असलेली नावं काढून बघा, बहुतेक घाण तिथंच सापडते. आमच्या भागात आणखी एक: शेंगदाण्याला एका पोरानं मराठी नावानं कोड केला, दुसऱ्यानं कन्नड नावानं. विक्री दोन कोडांत फुटली आणि सगळ्यात खपणारा माल यादीत खाली गेला.

पानाच्या खालच्या अर्ध्यात पाच संपत आलेल्या वस्तू लिहा. शिल्लक भागिले रोजचा खप, म्हणजे किती दिवस पुरेल ते. खप काढताना माल नव्हता ते दिवस धरू नका, नाहीतर संपलेली वस्तू न खपणारी वाटते. ऑर्डर घ्यायला लाइनचा सेल्समन ज्या दिवशी येतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी पान वडिलांच्या हातात पाहिजे. अक्षर मोठं, कागदावर. मोबाइलवर पाठवलेलं पान भाऊ उघडतच नाही. तरी धंद्याचं मला काही कळत नाही, असं घरी सांगत फिरतो.

हां, एक राहिलं. वडील जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये असतील तर ते गिऱ्हाइकाकडून वेगळा टॅक्स घेत नाहीत आणि खरेदीवरचा टॅक्स त्यांना परत मिळत नाही. मग विक्री पूर्ण धरा आणि खरेदीचा भाव टॅक्ससकट. तिथं साबणाची घट खरीच असते. फक्त खरेदीही स्वस्त झालेली असते, म्हणून आधी नफ्याची ओळ बघा.