पुरात गेलेली गुणपत्रिका : मंडळाला पत्र लिहिताना

प्रश्न : पुराचे पाणी घरात शिरले आणि दहावीची मूळ गुणपत्रिका लगदा होऊन गेली. पोलीस ठाण्यात गेलो तर "यात गुन्हा कुठला?" म्हणून परत पाठवले. एफआयआर नसताना मंडळाकडे दुय्यम प्रत कशी मागू? "हरवली" असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : पोलिसांचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. एफआयआर दखलपात्र गुन्ह्याची होते आणि पूर हा गुन्हा नव्हे. आपल्याला हवी आहे ती कागद नष्ट झाल्याची ठाण्यातली साधी नोंद आणि तिची शिक्का असलेली प्रत. तोंडी नकार मिळाला असेल, तर तोच मजकूर लेखी अर्जाने द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

"हरवली" असे मात्र लिहू नये. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते आणि त्यात जाणूनबुजून खोटे लिहिणे हाच गुन्हा ठरतो. शिवाय पत्रात "हरवली" आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात "पुरात भिजली" असे दिसले, की सरळ प्रकरणात शंका निघते. घराच्या नुकसानीचा पंचनामा झाला असेल, तर त्याची प्रत हा आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. पंचनाम्यात भांडी-धान्य येते, कागदपत्रे सहसा राहून जातात. तसे झाले असल्यास ती उणीव प्रतिज्ञापत्राने भरून काढावी. लगद्याचा एखादा तुकडा शाबूत असेल, तर तो टाकू नये; वाळवून, छायाचित्र काढून जपून ठेवावा, कारण मंडळ तो मागू शकते.

पत्र विभागीय मंडळाच्या सचिवांच्या नावे, शक्यतो शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत द्यावे. मजकूर असा ठेवता येईल :

"विषय : पुरात नष्ट झालेल्या माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळणेबाबत.

महोदय, मी मार्च ____ मध्ये ____ शाळेतून, बैठक क्रमांक ____ अन्वये, वरील परीक्षा उत्तीर्ण झालो. दि. ____ रोजी माझ्या घरात पुराचे पाणी शिरून मूळ गुणपत्रिका भिजून नष्ट झाली. ती मी कोणाकडेही तारण वा ताब्यात दिलेली नाही. पोलीस नोंद, पंचनाम्याची प्रत, प्रतिज्ञापत्र व शुल्काची पावती सोबत जोडली आहे. तरी दुय्यम प्रत मिळावी, ही विनंती."

अर्ज अडतो तो बहुधा बैठक क्रमांकावर. तो आठवत नसल्यास शाळेत मंडळाकडून आलेले निकालपत्रक पाहावे, किंवा अकरावीला प्रवेश घेतलेल्या महाविद्यालयात जोडलेली छायाप्रत मागावी. नाव आणि आईचे नाव मूळ गुणपत्रिकेवर होते तसेच लिहावे. आता आधारवर वेगळे असले, तरी दुरुस्तीची मागणी या अर्जात मिसळू नये. ते वेगळे प्रकरण आहे आणि दोन्ही एकत्र केली की दोन्ही रेंगाळतात.

अर्जाला उत्तरच आले नाही, तर मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये त्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची माहिती मागावी. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. त्या अर्जात पोचपावतीचा क्रमांक लागेल, म्हणून मूळ पत्राची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.