घर सोडणाऱ्या भाडेकरूकडून वीज-पाण्याची बाकी कशी मागावी?

प्रश्न: भाडेकरू ३१ तारखेला फ्लॅट सोडतोय. शेवटच्या पाहणीआधी लाइट-पाण्याची बाकी भरायला कसं सांगू?

उत्तर: आलेली बिलं तो भरेलच, अडतं ते अजून न आलेल्या बिलावर. असा मेसेज टाका: "३० तारखेपर्यंत मागची लाइटबिलं भरून पावत्या पाठवा. ३१ला मीटरचं रीडिंग दोघं मिळून बघू, मग पाहणी."

मीटरवरचे आकडे बदलत राहतात, तेव्हा kWh दिसेल तेव्हाच फोटो घ्या. समजा बिलात चालू रीडिंग ४८१२ आहे आणि मीटरवर ४८९८, म्हणजे ८६ युनिट. मागचं बिल १६० युनिटला १४४० रुपये असेल, तर सरासरी ९ रुपयांनी ७७४ होतात. स्लॅबमुळे थोडं इकडेतिकडे होईल. मात्र मागच्या बिलात थकबाकी धरली असेल तर ती आधी वजा करा. ठरलेली रक्कम डिपॉझिटमधून वळती करा आणि तसं लिहून ठेवा.

पाणी बहुधा मेंटेनन्समध्येच असतं. टँकरचे पैसे वेगळे लागत असतील तर सोसायटीच्या ऑफिसातून आकडा घ्या.

आणि बाकी राहिली म्हणून लाइट-पाणी तोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार ते चालत नाही.