विडो, ऑर्फन आणि एकटी पडलेली ओळ

प्रश्न : वर्डमध्ये ‘Widow/Orphan control’ असा पर्याय दिसतो. परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढच्या पानावर जाते ती यातली कुठली? तिला मराठीत ‘विधवा ओळ’ म्हणायचं का? आणि हा पर्याय चालू असला की पानाखाली मधूनच जागा रिकामी का सुटते?

उत्तर : ती विडो. परिच्छेद मागच्या पानावर संपत आला आणि शेवटची ओळ तेवढी पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसली, की ती विडो. याच्या उलट, पानाच्या तळाशी नव्या परिच्छेदाची पहिली ओळ तेवढी आली आणि बाकीचा परिच्छेद पुढच्या पानावर गेला, तर ती ऑर्फन. या दोन नावांची अदलाबदल इंग्रजीतही सर्रास होते, त्यामुळे तुमचा गोंधळ झाला यात नवल नाही. काही जण तर परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकच शब्द उरला तरी त्याला विडो म्हणतात, मग ती ओळ पानाच्या मध्यावर का असेना.

‘विधवा ओळ’ मात्र म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. नवरा गेलेल्या बाईचं नाव छपाईतल्या दोषाला द्यावं, हे मला पटत नाही. आणि भाषांतराच्या दृष्टीनेही त्याची गरज नाही. ही नावं म्हणजे काही व्याख्या नव्हेत. त्या त्या भाषेतल्या छापखान्यांत रुळलेल्या त्या उपमा आहेत. जर्मन जुळारी विडोला ‘हूरेनकिंड’ म्हणतात, म्हणजे वेश्येचं मूल, आणि ऑर्फनला ‘शूस्टरयुंगे’, म्हणजे चांभाराचा पोर. एकाला आपण कुठून आलो ते ठाऊक नाही, दुसऱ्याला कुठे जायचं ते ठाऊक नाही, अशी त्यांची आठवणीची खूण आहे. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ऑर्फनला वेगळंच नाव आहे, तिथली आज्ञा `\clubpenalty` अशी आहे. तेव्हा आपणही आपल्या डोळ्यांना जे दिसतं ते म्हणावं. मी मुद्रितं तपासताना ‘शेपटाची ओळ एकटी’ आणि ‘तोंडाची ओळ एकटी’ असं समासात लिहिते. शेपूट म्हणजे परिच्छेदाचा शेवट, तोंड म्हणजे सुरुवात. जुळणी करणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. दोन्हींना मिळून एक नाव हवं असेल तर ‘एकटी पडलेली ओळ’ पुरेसं आहे. ‘एकांडी ओळ’ कानाला छान लागतं, पण एकांडा शिलेदार आपल्या मर्जीने एकटा असतो. ही ओळ बिचारी कळपातून सुटलेली असते.

दोन्हींतली शेपटाची ओळ मराठीत जास्त घात करते, असा माझा अनुभव आहे. कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नकार तर त्याच्याही शेवटी. एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. पान १५ उजवं, म्हणजे पान उलटल्याशिवाय १६ दिसत नाही. १५ च्या तळाची ओळ संपत होती ती अशी : ‘वर्गणीचा हिशेब सभेपुढे मांडला गेला’. पान उलटलं की १६ च्या डोक्यावर एकच शब्द : ‘नव्हता.’ इंग्रजी वाक्यात नकार सहसा मुख्य क्रियापदाच्या आधीच येऊन गेलेला असतो. इथे वाचणारा हिशेब मांडला गेला असं समजूनच पान उलटतो.

आता त्या पर्यायाने काय केलं ते बघा. पानावर ३२ ओळी बसत होत्या. हा परिच्छेद सात ओळींचा, २७ व्या ओळीवर सुरू झालेला. म्हणजे सहा ओळी १५ वर आणि सातवी १६ वर. पर्याय चालू केला की वर्ड दोन्हीकडे किमान दोन ओळी ठेवतं. त्याला पुढच्या पानावरची ओळ मागे ओढता येत नाही, कारण जागाच नसते. म्हणून ते मागची एक ओळ पुढे ढकलतं. सात ओळींची वाटणी पाच आणि दोन अशी झाली, ‘वर्गणीचा हिशेब’ आणि ‘नव्हता’ १६ वर एकत्र आले, आणि १५ च्या तळाशी एक ओळ रिकामी राहिली. तुम्हाला दिसते ती जागा हीच.

परिच्छेद तीन ओळींचा असेल तर जागा आणखी मोठी दिसते. तीन ओळी दोन-एक अशा तोडा की एक-दोन अशा, कुठेतरी एकटी ओळ उरणारच. म्हणून असा परिच्छेद तुटतच नाही, अख्खा पुढे जातो. तो ३१ व्या ओळीवर सुरू होत असेल तर दोन ओळींची जागा मोकळी सुटते. बिघाड काहीच नाही, गणितच तसं आहे.

पत्र किंवा अहवाल असेल तर ही रिकामी ओळ खुशाल राहू द्यावी. पुस्तकात मात्र समोरासमोरच्या १४ आणि १५ या पानांचे तळ वरखाली झालेले लगेच डोळ्यांत येतात. तिथे दोन वाटा आहेत. एक, दोन्ही पानं एकेका ओळीने आखूड करायची, म्हणजे तळ पुन्हा जुळतात. दुसरी, परिच्छेदच एका ओळीने कमी करायचा. आमच्या उदाहरणात सातव्या ओळीत एकच शब्द होता, म्हणून लेखकाला विचारून ‘मांडला गेला नव्हता’च्या जागी ‘आला नव्हता’ केलं. ‘नव्हता’ सहाव्या ओळीत मावला, परिच्छेद सहा ओळींचा झाला आणि १५ वरच संपला.

अशा वेळी अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करून ओळ बसवायचा मोह होतो. रोमन लिपीत ते थोडंफार खपून जातं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची माळ दिसू लागतो. फार तर शब्दांमधली जागा जराशी कमी करावी, अक्षरांना हात लावू नये.

हा पर्याय वर्डमध्ये Paragraph च्या चौकटीत ‘Line and Page Breaks’ या भागात आहे आणि मुळातच चालू असतो. लिबरऑफिस रायटरमध्ये तो Paragraph मधल्या ‘Text Flow’ खाली आहे, तिथे दोन्हींसाठी ओळींची संख्या वेगवेगळी देता येते. इनडिझाइनमध्ये ‘Keep Options’ बघा, तिथे तो आपण होऊन चालू करावा लागतो.

पर्याय चालू असूनही ओळ एकटी पडत असेल तर आधी परिच्छेदखुणा दाखवून बघा, वर्डमध्ये ¶ हे बटण दाबलं की त्या दिसतात. ईमेलमधून उचललेल्या मजकुरात पुष्कळदा प्रत्येक ओळीच्या शेवटी एन्टर मारलेलं असतं. आपल्याला तो एक परिच्छेद दिसतो, पण वर्डच्या लेखी ते एकेका ओळीचे सात परिच्छेद असतात, आणि एका ओळीच्या परिच्छेदाला ना तोंड ना शेपूट. मधले एन्टर काढून टाकले की ओळ आपोआप जागेवर येते. कवितेत तेच एन्टर मुद्दाम दिलेले असतात, ते काढता येत नाहीत. तिथे कडव्याच्या शेवटच्या ओळीखेरीज बाकीच्या ओळी निवडून त्यांना ‘Keep with next’ लावा, म्हणजे कडवं अख्खं एका पानावर राहतं.