मॅककेब-थीले आलेखात पायऱ्या मोजताना खालच्या ऑपरेटिंग रेषेवर कधी जायचं?

प्रश्न: बेंझीन-टोल्युइनच्या गणितात पायऱ्या काढताना वरच्या रेषेवरून खालच्या रेषेवर नेमकं कधी उतरायचं? आणि रीबॉयलर मोजायचा का?

उत्तर: पायरीने फीडचा छेदबिंदू ओलांडला की लगेच उतरा. आणि हो, रीबॉयलर ही एक पायरी धरतात. टोटल कंडेन्सर मात्र धरत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. सापेक्ष बाष्पशीलता २.५, बेंझीनचा मोल-अंश वरच्या मालात ०.९५, तळाच्या मालात ०.०५, फीडमध्ये ०.५० (उत्कलनबिंदूवरचा द्रव), रिफ्लक्स गुणोत्तर २. दोन्ही ऑपरेटिंग रेषा फीडच्या उभ्या रेषेवर ०.६५ उंचीला भेटतात.

कर्णावरच्या ०.९५ पासून आडवं समतोल वक्रापर्यंत जा, म्हणजे त्या प्लेटवरून निघणाऱ्या बाष्पाशी समतोलात असलेला द्रव मिळतो: ०.८८४. तिथून सरळ खाली रेषेवर या, की खालच्या प्लेटवरून वर येणारं बाष्प मिळतं: ०.९०६. म्हणजे आडवी रेघ समतोल सांगते, उभी रेघ वस्तुमानाचा ताळेबंद. पुढचे द्रव ०.७९४, ०.६८७, ०.५७९, ०.४८६ येतात. पाचवा ०.५० च्या खाली गेला, म्हणून फीड पाचव्या पायरीवर. इथून उभी रेघ खालच्या रेषेपर्यंत न्यायची.

वरच्याच रेषेवर रेंगाळलात तर ती ०.३० पाशी वक्राला छेदते. पायऱ्या बारीक होत त्या कोपऱ्यात अडकतात आणि ०.०५ कधीच येत नाही. आलेखात अशी दाटी दिसली की आधी हेच तपासा.

वेळेवर उतरलात तर दहावा द्रव ०.०६४, अकरावा ०.०२८. म्हणजे सुमारे १०.४ पायऱ्या, रीबॉयलर वजा केला की कॉलममध्ये ९.४ उरतात. प्रत्यक्ष प्लेट्ससाठी या ९.४ लाच कार्यक्षमतेने भागायचं.