'वाटं लावलं' की 'वाट लावली'?

"मी नोकरीसाठी जर्मनीला निघाले तेव्हा आईनं कविता लिहिली. तिच्यात 'तुला वाटं लावलं' असं आहे. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणतात, हे 'वाट लावली'सारखं वाटतं, 'निरोप दिला' कर. बदलू का? आम्ही तासगावचे. त्या ओळी अशा:

२३ किलोत बसेना म्हणून
मेतकूट काढलंस, चटणी ठेवलीस.
बरोबर केलंस.
स्टँडापर्यंत तुला वाटं लावलं;
पुढची गाडी तुझी तुलाच धरायची होती."

बदलू नका. आईंचा शब्द अगदी नेमका आहे.

आपल्याकडे बोलताना 'शाळेला'चं 'शाळंला' होतं, 'वाटेनं'चं 'वाटंनं' होतं. तसंच 'वाटे'चं 'वाटं' झालं. म्हणजे 'वाटं लावणं' हे वाटेला लावणं आहे. 'वाट लावणे' याची घडणच वेगळी. तिथे वाट हेच कर्म, म्हणून 'लेकीची वाट लावली'. इथे कर्म लेक आहे, म्हणून 'लेकीला वाटं लावलं'. 'ची' की 'ला', 'लावली' की 'लावलं', एवढं पाहिलं की घोटाळा उरत नाही. मात्र टाइप करताना 'ट'वरचा अनुस्वार गळू देऊ नका.

माझी आजी वाळव्याकडची. पाहुणे उठले की ती आम्हा पोरांना सांगायची, "जा रं, पाव्हण्यास्नी फाट्यापतोर वाटं लावून या." मग आम्ही त्यांच्या पिशव्या घेऊन फाट्यापर्यंत चालायचो, एसटी आली की पिशव्या वर द्यायच्या आणि माघारी फिरायचं. वाटं लावण्यात हे थोडं सोबत चालणं असतंच, आणि कुठवर चालायचं तेही ठरलेलं असतं. वेस, ओढा, फाटा. तुमच्या आईंनी ती हद्द स्टँडाला आखली आहे.

आता 'निरोप दिला' घालून बघा. 'स्टँडापर्यंत तुला निरोप दिला' हे मराठीच होत नाही, 'पर्यंत'ला 'निरोप' जुळत नाही. मग 'स्टँडावर' करावं लागेल, आणि घरापासून स्टँडापर्यंतचं दोघींचं चालणं कवितेतून निघून जाईल. पुढच्या ओळीतल्या 'पुढची'ला तर त्याच चालण्याचा आधार आहे. 'पाठवणी' हा शब्दही कुणी सुचवेल, पण तो ऐकला की सासरी निघालेली नवरी डोळ्यांपुढे येते. इथे मुलगी कामाला निघाली आहे आणि सामानातून काय काढायचं ते तिचं तीच ठरवते आहे.

'वाटे लावलं' असं पुस्तकी रूपही करू नका. 'केलंस', 'लावलं' यांच्या शेजारी ते परकं दिसेल.

मोठ्यानं वाचताना मात्र एक सांभाळा. 'तुला वाटं' म्हणून थांबलात तर ऐकणाऱ्याला 'तुला वाटे', म्हणजे तुला असं वाटायचं, असा भास होईल. 'तुला'नंतर किंचित थांबा आणि 'वाटं लावलं' एका दमात म्हणा.