'विदारण' म्हणावं की 'झीज'?

"'सिलिकेट खडकांचं विदारण हा पृथ्वीचा थर्मोस्टॅट आहे' असं वाक्य वाचलं. विदारण म्हणजे फाडणं ना? दगड फुटल्याने हवामान कसं बदलेल? त्यापेक्षा 'झीज' चालेल का?"

'झीज' नको. देवळाची पायरी झिजते तेव्हा ती लहान होते, पण उरलेला दगड तोच असतो. इथे दगडाचा पदार्थच बदलतो.

विदारणाचा मूळ अर्थ मात्र तुम्ही म्हणता तोच. नरसिंहाने हिरण्यकश्यपूचं पोट फाडलं, ते विदारण. भूगोलाने हा शब्द 'वेदरिंग'साठी घेतला आणि त्याचे कायिक, रासायनिक, जैविक असे प्रकार पाडले. तुमच्या वाक्यात रासायनिक विदारण अभिप्रेत आहे. फुटण्याचं काम पाण्याला आत शिरायला वाट करून देण्यापुरतं. मला विचाराल तर बोलताना 'दगड कुजणं' जास्त नेमकं वाटतं.

घाटातला रस्ता जिथे डोंगर कापून नेलाय तिथे हे दिसतं. मधे काळ्या दगडाचा टणक गोळा, त्याभोवती कांद्यासारखे सुटलेले पापुद्रे, मग मुरूम आणि वर माती. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्ल होतं. ते या काळ्या दगडातलं, म्हणजे बेसाल्ट या सिलिकेट खडकातलं कॅल्शियम सोडवून नेतं, मागे चिकणमाती राहते. कॅल्शियमच्या प्रत्येक कणामागे कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रात जातात. तिथले जीव शिंपले-कवच बनवतात तेव्हा एक रेणू सुटून परत येतो, दुसरा चुनखडी होऊन तळाशी गाडला जातो.

वाक्यातलं 'सिलिकेट' हे विशेषण म्हणूनच गाळू नका. चुनखडीही अशीच विरघळते, पण ती एक रेणू घेते आणि समुद्रात तोच परत सुटतो. जमाखर्च शून्य.

आता थर्मोस्टॅट. हवा तापली की ही क्रिया वेगाने होते, पाऊसही वाढतो, म्हणून कार्बन डायऑक्साइड जास्त खर्ची पडतो आणि हवा निवते. थंडी वाढली की क्रिया मंदावते, पण ज्वालामुखी हा वायू सोडतच राहतात. तो साठतो आणि पुन्हा ऊब येते. वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी 1981 मध्ये ही कल्पना मांडली. इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटशी तुलना मात्र तिथेच थांबते. ती क्षणात बंद होते, याला लाखो वर्षं लागतात. आपण शंभर-दोनशे वर्षांत सोडलेला धूर याच्या आवाक्यातला नाही.

शिवाय त्याला ताजा दगड लागतो. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पाऊस धो धो कोसळतो, पण जांभ्यातलं कॅल्शियम केव्हाच वाहून गेलंय. लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं उरलंय. खालच्या ताज्या बेसाल्टवर त्याचंच जाड पांघरूण आहे. जांभ्याचा चिरा पावसात नुसता भिजतो आणि झिजतो. तिथे तुमचा 'झीज' शब्द खुशाल वापरा.